मार्चची सही

आमच्या घरी मार्च महिना भाऊजींचा असे. ते माझ्या नवऱ्याचे शाळेपासूनचे मित्र. गांधीबागेत त्यांच्या वडिलांचं ठोक कापडाचं दुकान होतं. ते थोरल्या भावाकडे गेलं आणि भाऊजी विम्याच्या आणि गुंतवणुकीच्या कामात आले. माझा नवरा डोळ्यांचा डॉक्टर. लग्नानंतर सगळे त्यांना डॉक्टरच म्हणत, म्हणून मीही डॉक्टरच म्हणू लागले, ते कायमचं. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. माझ्या पगारात भाजी, किराणा आणि पुस्तकं भागत. बाकी सगळं डॉक्टरांच्या हातांवर चाले, आणि मी हे अक्षरशः म्हणते आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया बोटांच्या टोकांवर असते.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात भाऊजी संध्याकाळी येत. चपला काढता काढताच "वहिनी, चाय मांडा" म्हणत, आणि स्वयंपाकघरात डोकावून डब्यातला चिवडा काढून घेत. कंपनीचं वर्ष मार्चला संपतं. तोवर ठरलेल्या पॉलिसी झाल्या नाहीत तर बक्षीस जातं, वरचा दर्जा जातो. जुन्या मित्रांचा एक गट होता, सहा-सातजणांचा. दरवर्षी त्यांतला कोणीतरी भाऊजींसाठी काहीतरी घेई. कोणी मुलाच्या नावानं, कोणी बायकोच्या. त्या गटात त्याला 'मार्चची सही' असं नाव होतं. सही करणाऱ्यानं कागद वाचायचा नाही, ही त्यातली गंमत होती. एकदा एकानं चष्मा लावून पहिलं पान वाचायला घेतलं, तर बाकीच्यांनी त्याला वर्षभर 'वकीलसाहेब' म्हणून छळलं. डॉक्टरांनी तर एकदा लग्नाच्या पंगतीत, डाव्या हातानं पत्रावळ सावरत, उजव्या हातानं सही केली होती.

मला त्यात वावगं वाटत नसे. मित्रांची ती रीत होती. शिवाय भाऊजींनी आमचं भलंच केलं होतं. मनीषनगरला फ्लॅट घेतला, मग त्याच रस्त्यावर डॉक्टरांनी स्वतःचा दवाखाना काढला, तेव्हा कर्जांची तोंडमिळवणी त्यांनीच करून दिली. मुलीच्या शिक्षणासाठी दरमहा पैसे बाजूला, म्हातारपणासाठी वेगळे, टर्म इन्शुरन्स मोठा. एकदा डॉक्टरांच्याच प्रिस्क्रिप्शनच्या कागदामागे त्यांनी आगगाडीचं चित्र काढून मला समजावलं होतं.

"हे इंजिन म्हणजे तुमचा डॉक्टर. हा फ्लॅटचा डबा, हा दवाखान्याचा, हा पोरीचा, हा म्हातारपणाचा. डब्याले स्वतःची ताकद नसते वहिनी. इंजिन बंद पडलं की सगळी गाडी उभी. म्हणून पहिला विमा इंजिनाचा."

इंजिनाचे विमे त्यांनी तीन केले होते. डॉक्टर गेले तर टर्म. अपघातात हात-पाय अधू झाले तर अपघाताची पॉलिसी. आणि गंभीर आजाराची एक, ज्यात कर्करोग, हृदयविकार, पक्षाघात, मूत्रपिंड निकामी होणं अशा ठरावीक डझनभर आजारांपैकी एखादा झाला तर ठरलेली रक्कम एकदम हातात येते. दवाखान्याचं बिल कितीही होवो, किंवा न होवो. ते पैसे उपचारासाठी नसतातच मुळी, भाऊजी सांगत. ते बुडालेल्या कमाईसाठी असतात. मला ते पटलं होतं. ती पॉलिसी मुलगी चौथीत असताना घेतलेली, आणि डॉक्टर दरवर्षी न चुकता तिचा हप्ता भरत.

मुलगी दहावीला गेली त्या वर्षी डॉक्टरांनी मोतीबिंदूचं नवं यंत्र घेतलं. कर्जावरच. त्यामुळे मार्चमध्ये भाऊजी आले तेव्हा डॉक्टर म्हणाले, यंदा जमणार नाही, यंदा दुसऱ्या कोणाला धर. भाऊजींनी चहा संपवला. मग म्हणाले की नवीन हप्ता नकोच. गंभीर आजाराची जुनी पॉलिसी याच महिन्यात नूतनीकरणाला आली आहे. ती सोडून द्यायची आणि तेवढ्याच पैशात दुसऱ्या कंपनीची घ्यायची. तिच्यात आजारांची यादी तिप्पट आहे. डॉक्टर हसून म्हणाले, तिप्पट आजार काय करायचे, एक पुरे होतो माणसाला. आणि सही केली. मी बाजूला ताटं मांडत होते.

उन्हाळ्यात भाऊजी बक्षीस म्हणून कंपनीच्या खर्चानं परदेशी जाऊन आले. येताना आमच्यासाठी काचेचे सहा पेले आणले, तिकडे चहाला वापरतात तसले, कमरेत बारीक आणि वर फुललेले. डॉक्टरांना ते फार आवडले. आम्ही रोजच्या चहाला तेच काढले.

मे महिन्यात, नागपुरात बाहेर पाय ठेववत नाही अशा दिवसांत, एका सकाळी त्यांतला एक पेला डॉक्टरांच्या हातातून टेबलावर कलंडला. ते म्हणाले, काच गुळगुळीत आहे. दोन दिवसांनी शस्त्रक्रियेत चिमटा बोटांतून निसटला. रुग्णाला काही झालं नाही, पण डॉक्टर घरी येऊन खुर्चीत बसले आणि उजवा अंगठा करंगळीला टेकवून बघत राहिले. परत परत. मी विचारलं तर म्हणाले, मान अवघडली असेल, नस दाबली गेली असेल. उन्हाळ्याच्या सुट्टीत गर्दी असते, ती ओसरली की दाखवू. डॉक्टर लोक स्वतःला दाखवायला सगळ्यात उशीर करतात.

पावसाळ्यात अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा सपाट झाला. रामदासपेठेत त्यांच्या वर्गातले एक मेंदूतज्ज्ञ होते, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी फी घेतली नाही, पण केस पेपर नीट केला. कधीपासून, असं विचारलं. डॉक्टरांनी सांगितलं, मे महिन्यापासून, आधी अंगठा, मग तर्जनी. आयुष्यभर रुग्णांना ते हाच प्रश्न विचारत आले होते आणि 'झाले असतील काही दिवस' म्हणणाऱ्यांवर चिडत. तपासण्या झाल्या, मुंबईला दुसरं मत झालं, आणि दिवाळीच्या आत निदान पक्कं झालं. मोटर न्यूरॉनचा आजार. स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी एकेक करून मरत जातात. हात, पाय, मग बोलणं, गिळणं, श्वास. बुद्धी शेवटपर्यंत लख्ख राहते. औषध नाही म्हटलं तरी चालेल.

घरी आल्यावर डॉक्टरांनी मला जे सांगितलं ते मला अजून शब्दशः आठवतं, कारण त्यात भीती नव्हती, मांडणी होती. शस्त्रक्रिया आता बंद. पण डोळे तपासायला, निदान करायला, बोलायला दोन वर्षं तरी मिळतील. गंभीर आजाराचे पैसे आले की यंत्राचं कर्ज फेडायचं, शस्त्रक्रियेला एक तरुण डॉक्टर पगारावर ठेवायचा, आणि आपण बाहेरच्या खोलीत बसून रुग्ण बघायचे. "मले दवाखान्यातच राहू दे शेवटपर्यंत," ते म्हणाले. "घरी बसवू नको." घरात आम्ही पुस्तकी मराठी बोलायचो, मनातलं बोलताना मात्र त्यांचं कामठीचं लहानपण जिभेवर येई.

मी हो म्हटलं. ते शक्य होतं म्हणूनच म्हटलं. भाऊजींना फोन केला, ते ताबडतोब आले, डॉक्टरांना मिठी मारून रडले, आणि सगळे कागद घेऊन गेले. आजार नव्या यादीत होता. जुन्या यादीतही होता, हे मला पुढे कळलं.

अपघाताच्या पॉलिसीचं उत्तर भाऊजींनी फोनवरच दिलं. तिथे काही मिळणार नव्हतं. हात गेला होता, पण अपघातानं गेला नव्हता. टर्मच्या हप्त्याची माफीही अपघातानं अपंगत्व आलं तरच. आजारानं कमाई थांबली तर दरमहा काही देणारी सोय आमच्याकडे नव्हती. भाऊजी म्हणाले, तशी पॉलिसी आपल्याकडे सहसा मिळतच नाही. मग इतकी वर्षं 'हात-पाय गेले तरी आहे' असं ते का म्हणत आले, हे विचारायचं माझ्या मनात आलं. पण गंभीर आजाराची होती ना, तिच्यावर सगळी भिस्त होती.

जानेवारीत कंपनीनं नकार कळवला. भाऊजी दुपारी आले, चपला दाराशी काढल्या, चहा मागितला नाही. डॉक्टर खिडकीजवळ उन्हात बसले होते. उजवा हात मांडीवर पडलेला, डाव्या हातात मासिक. भाऊजींनी समजावून सांगितलं. नवीन पॉलिसी सुरू झाल्यापासून पहिले नव्वद दिवस थांबण्याचे असतात. त्या काळात आजाराची लक्षणं दिसली तर निदान नंतर झालं तरी पैसे मिळत नाहीत. पॉलिसी मार्चअखेरची. केस पेपरवर लिहिलं आहे, मे महिन्यापासून.

मग भाऊजी खुर्ची ओढून पुढे झाले.

"एक शब्द आहे फक्त. तुझा वर्गमित्र आहे तो, नाही म्हणणार नाही. मेचा जुलै करून दे म्हणा. आपण कंपनीले परत पाठवू, लिहिताना चूक झाली म्हणू."

डॉक्टर त्यांच्याकडे बघत राहिले. मला वाटलं ते चिडतील. ते म्हणाले, "मी चाळीस हजार केस पेपर लिहिले असतील. एकावरही खोटी तारीख नाही."

"अबे हा तुझा स्वतःचा आहे."

"म्हणूनच."

मला तो जुलै हवा होता का? हवा होता. दवाखान्याची बाहेरची खोली, तिथली हिरवी खुर्ची, समोर रांगेत बसलेल्या म्हाताऱ्या बाया, हे सगळं त्या एका शब्दाच्या पलीकडे होतं. पण मेंदूतज्ज्ञांकडे ज्या शांतपणे डॉक्टरांनी मे म्हटलं होतं, तो आवाजही माझ्या कानात होता.

मग डॉक्टरांनी विचारलं. हळू, मासिक बंद करून.

"जुनी सहा वर्षं चालू होती. तिचे नव्वद दिवस कधीच सरले होते. तिच्यात हा आजार होता का?"

"होता."

"मग जुनी काहून बंद केली?"

भाऊजी पायाकडे बघत होते. "तूच म्हणला, दोन हप्ते नाही जमत."

"जुनी चालू ठेवायची होती. नवीचे तीन महिने निघेपर्यंत. निदान एक वर्ष. तुले माहीत नव्हतं?"

"माहीत होतं."

"मग?"

"मार्च होता ना बे," भाऊजी म्हणाले. "दोन पॉलिसी कमी पडून राहिल्या होत्या. मले काय माहीत तुले असं होईल. तीन महिन्यांत कोणाले काय होते? कोणालेच नाही होत."

डॉक्टर हसले. खरंच हसले, पंगतीत सही करताना हसले होते तसे. म्हणाले, "जुनीच्या नूतनीकरणात तुले बक्षीस नव्हतं मिळत, हो ना. नवीत मिळालं. पेले चांगले आणले पण."

भाऊजी उठले आणि दाराशी चपला शोधू लागले. मी त्यांना पोचवायला जिन्यापर्यंत गेले नाही. एवढ्या वर्षांत ते पहिल्यांदा.

मी पुढे विमा लोकपालाकडे जाण्याबद्दल वाचून ठेवलं. डॉक्टर म्हणाले, कोणाविरुद्ध तक्रार करायची? कंपनीनं पॉलिसीत जे छापलं होतं तेच केलं. छापलेलं वाचायचं नाही ही आपली रीत होती. भाऊजींविरुद्ध काही करायचं का, असं मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. त्या गटातले बाकीचे मित्र भेटायला येत. त्यांना हे कळलं होतं. एकजण म्हणाला, त्यानं मुद्दाम थोडंच केलं. दुसरा म्हणाला, माणूस मनाचा चांगला आहे. मी आत जाऊन चहा करत असे. मला त्यांचं म्हणणं समजत होतं. त्यानं मुद्दाम केलं नव्हतं, हे खरंच होतं. त्याला माहीत होतं आणि त्यानं केलं, एवढंच होतं. या दोन वाक्यांमध्ये मी पुढे दोन वर्षं राहिले.

दवाखाना त्या वर्षीच्या दसऱ्याला गेला. यंत्रासकट, खुर्च्यांसकट. यंत्राचा हप्ता आणि फ्लॅटचा हप्ता माझ्या पगारात बसत नव्हता. म्हातारपणाचे पैसे आधी मोडले, मग मुलीचे निम्मे. चित्रातले डबे ज्या क्रमानं काढले होते त्याच्या उलट क्रमानं सुटत गेले. भाऊजी अधूनमधून फोन करत. ते म्हणत, काहीही विका वहिनी, पण टर्मचा हप्ता चुकवू नका. सल्ला बरोबर होता. मी तो पाळला. डॉक्टरांच्या समोर बसून, त्यांच्या मोबाईलवरून, त्यांच्याच मरणाचा हप्ता मी दोनदा भरला. दुसऱ्या वेळी त्यांचं बोलणं बरंच अस्पष्ट झालं होतं, पण मला कळलं. ते म्हणाले होते, जिवंत माणसाची काही पॉलिसी नसते का.

त्यांनी घरी बसू नये म्हणून मी शेजाऱ्यांना सांगितलं होतं, डोळ्याची काही शंका असेल तर या. काही दिवस येत. डॉक्टर टॉर्च धरू शकत नव्हते, मी धरी. ते सांगत, वर बघा, खाली बघा. मग तेही थांबलं. दवाखान्याच्या जागी नेत्ररुग्णालयांच्या मोठ्या साखळीचा फलक लागला. आमच्या गच्चीतून तो दिसतो. संध्याकाळी त्याचा निळा उजेड पडद्यावर येई, म्हणून मी जाड पडदे शिवून घेतले.

ते गेले तेव्हा हिवाळा होता. श्वासच होता फक्त राहिलेला, तो गेला.

टर्मचे पैसे महिन्याच्या आत आले. कुठे अडलं नाही, कोणी काही विचारलं नाही. त्या पैशात फ्लॅटचं कर्ज फिटलं, मुलीचं पुढचं शिक्षण उभं राहिलं, आणि बरंच उरलं. भाऊजींनी सगळी धावपळ स्वतः केली. खरंच केली, मी नाकारणार नाही. पैसे जमा झाल्याचं कंपनीचं पत्र घेऊन ते स्वतः आले. मार्चचेच दिवस होते. आता ते जाड झाले होते, केस रंगवलेले. डॉक्टरांच्या फोटोला हात जोडले, डोळे पुसले. मग मोबाईल काढून म्हणाले, वहिनी, हे पत्र हातात घेऊन एक फोटो काढू का? ऑफिसात लावतो. लोकांना कळलं पाहिजे, विमा किती गरजेचा.

मी नको म्हटलं. ते समजून घेतल्यासारखे मान हलवत राहिले.

मी चहा ठेवला. कपाटात पेले तेवढेच धुतलेले होते, म्हणून त्यांतच ओतला. भाऊजींनी पेला उजेडाकडे धरला, बारीक कमरेवर अंगठा फिरवला.

"छान आहेत. कुठून घेतले?"

मला वाटलं ते थट्टा करताहेत. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. त्यांना खरंच आठवत नव्हतं. ज्या प्रवासासाठी ती सही होती, तो प्रवास त्यांच्याजवळ उरलाच नव्हता. दर वर्षी एक असतो. कुठला कोणत्या सहीवर झाला, कोण लक्षात ठेवणार.

"घरातलेच आहेत," मी म्हटलं.

चहा पिऊन त्यांनी बॅगेतून एक फाईल काढली. उरलेले पैसे बँकेत पडून राहू नयेत. दरमहा घरी काही येईल अशी एक योजना आहे, आणि या महिन्यात घेतली तर, म्हणून ते थोडे थांबले. माझ्याकडे बघत नव्हते. पेनाचं टोपण काढून त्यांनी पेन फाईलवर आडवं ठेवलं, नेहमी डॉक्टरांसमोर ठेवत तसं.

मी चष्मा आणला आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. ग्रंथालयात बसून मला हळू वाचायची सवय आहे. बारीक अक्षर होतं. मी प्रत्येक ओळ वाचत होते, समजत नव्हती तिथे बोट ठेवून विचारत होते, आणि भाऊजी आधी पटापट, मग अडखळत उत्तरं देत होते. तिसऱ्या पानावर बाहेर अंधारून आलं. ते म्हणाले, "वहिनी, एवढं कोण वाचते?" आणि घड्याळाकडे बघितलं. त्यांना आणखी कोणाकडे तरी जायचं होतं. मी म्हटलं, तुम्ही जा, माझं वाचून व्हायला मार्च उलटेल.

फाईल त्यांनी तिथेच ठेवली आणि गेले. मी दिवा लावला, जाड पडदा ओढला, आणि उरलेली पानंही वाचली. सही करायची नव्हती, हे मला पहिल्या पानालाच ठाऊक होतं.